चुकीचा पाचवा हिस्सा

वुब्बो तामेंगा आमच्या शाळेत आठवीच्या वर्गाला शिकवायचा. आठवी म्हणजे आमच्याकडे प्राथमिक शाळेचं शेवटचं वर्ष, मुलं बारा वर्षांची. त्याच्या खालचा सातवीचा वर्ग माझ्याकडे. एकवीस वर्षं मी माझी मुलं त्याच्या हवाली करत आले आणि एकवीस वर्षं त्याच्याशी भांडत आले. आता तो निवृत्त झालाय, दुपारी कालव्याकाठी कुत्रा फिरवतो, आणि मी दिसले की ‘मोई, यांतीन’ एवढा नमस्कार करून पुढे सरकतो. पूर्वी असा नव्हता. पूर्वी त्याला टाळायला मी रस्ता बदलायची, कारण एकदा बोलायला लागला की कॉफी थंड होईपर्यंत सोडायचा नाही.

दिसायला लांबलचक, हाडकुळा. वर्षभर दोनच स्वेटर. डब्यात रोज पावाचे चार तुकडे, दोन चीजचे आणि दोन चॉकलेटच्या दाण्यांचे, आणि चीजचे संपल्याशिवाय चॉकलेटला हात लावायचा नाही. मी एकदा मुद्दाम त्याच्या डब्यातला चॉकलेटचा तुकडा आधी उचलून खाल्ला, तर दिवसभर माझ्याशी बोलला नाही. असा माणूस. पण मुलं त्याच्यावर जीव टाकायची. तो कुणावर ओरडायचा नाही, आणि कुणाला जवळचा, कुणाला लांबचा करायचा नाही.

हे जवळचं-लांबचं त्याच्या मनाला फार लागलेलं होतं, आणि त्याला कारण होतं. त्याचा बाप पुठ्ठ्याच्या कारखान्यात कामाला. वुब्बो वर्गात पहिला-दुसरा यायचा, तरी शाळेच्या शेवटी त्याच्या मास्तरांनी त्याच्या बापाला सांगितलं, “कारखान्यातल्या माणसाचा पोरगा, त्याला कामधंद्याच्या शाळेत घाला, उगाच नसती स्वप्नं नकोत.” बापाने टोपी काढून आभार मानले. वुब्बो कामधंद्याच्या शाळेत गेला, मग त्याच कारखान्याच्या गोदामात लागला, आणि संध्याकाळच्या वर्गांना जाऊन जाऊन तिशीत शिक्षक झाला. मुलाचं पुढचं आयुष्य मास्तरांच्या नजरेवर ठरू नये, हे त्याने तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं.

आमच्याकडे हा निर्णय मास्तरच करतात. आठवीच्या फेब्रुवारीत प्रत्येक मुलाच्या आईबापाला बोलावून सांगायचं असतं, की पोर पुढे कामधंद्याच्या शाळेत जाईल, मधल्या शाळेत, की विद्यापीठाकडे नेणाऱ्या वरच्या शाळेत. या सल्ल्याला फार वजन असतं. तेवढ्यासाठी तिसरीपासून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जूनमध्ये, मुलांच्या मोठ्या परीक्षा होतात आणि दहापैकी गुण लिहून ठेवले जातात.

बाकीचे शिक्षक हे गुण बघायचे, पोराचा चेहरा आठवायचे आणि सल्ला द्यायचे. वुब्बो हिशोब करायचा. तो हिशोब त्याने गोदामातून आणला होता. तिथे दर आठवड्याला किती पुठ्ठा जाईल याचा अंदाज बांधावा लागायचा, आणि त्यासाठी एक साधं सूत्र होतं. तेच त्याने मुलांच्या गुणांना लावलं.

“अगं, सोपं आहे,” तो शिक्षकांच्या खोलीत कॉफीच्या मशीनपाशी उभा राहून सांगायचा. “एखाद्या पोराला पुढच्या परीक्षेत साडेसहा मिळतील असा माझा अंदाज होता. मिळाले सात. म्हणजे माझी चूक अर्ध्याची. त्या चुकीचा पाचवा हिस्सा काढ, म्हणजे एक दशांश, आणि जुन्या अंदाजात घाल. नवा अंदाज सहा पूर्णांक सहा. पुढच्या परीक्षेनंतर परत तेच. झालं.”

“आणि कमी मिळाले तर?”

“तर पाचवा हिस्सा वजा. त्यात काय!”

“पण पाचवाच का? अर्धा का नाही?”

हा प्रश्न त्याला फार आवडायचा. शाळेच्या कपाटातले पंधरा वर्षांचे गुण त्याने एका सुट्टीत संगणकात भरले होते आणि प्रत्येक हिस्सा लावून पाहिला होता. अर्धा घेतला तर अंदाज प्रत्येक परीक्षेबरोबर उड्या मारतो, एक वाईट सकाळ झाली की पोर नापास दिसायला लागतं. दहावा घेतला तर अंदाज जागचा हलत नाही. पाचव्याने सगळ्या मुलांचं मिळून चुकणं सगळ्यात कमी होत होतं. शिवाय यात जुनी परीक्षा पुसली जात नाही, फक्त दर पुढच्या परीक्षेगणिक तिचं वजन कमी कमी होत जातं.

आम्ही त्याची टिंगल करायचो. “वुब्बो, आज वाटाण्याचं सूप कसं होईल, सांग की पाचव्या हिश्शाने,” असं. पण त्याचे अंदाज खरे ठरायचे, हे नाकारता येत नव्हतं. येल्मर नावाचा एक मुलगा होता, त्याचा अंदाज सहा पूर्णांक नऊ होता आणि जानेवारीत त्याने चार आणले. त्याची आई रडत आली, मुख्याध्यापिका हादरली, मीसुद्धा म्हटलं की काहीतरी बिनसलंय. वुब्बो एकटा शांत. “माझ्या हिशोबाने तो अजून सहा पूर्णांक तीनवर आहे. त्या आठवड्यात त्याचा आजा दवाखान्यात होता.” जूनमध्ये येल्मरने सहा पूर्णांक आठ आणले. त्यानंतर खोलीतली टिंगल कमी झाली आणि मुख्याध्यापिका पालकांना अभिमानाने सांगायला लागली, की आमच्याकडे तामेंगा मास्तर आहेत, ते चुकत नाहीत.

एकदाच त्याने हिशोब बाजूला ठेवला होता. एका नोटरीचा मुलगा, आमच्याकडे नोटरी म्हणजे बडं प्रस्थ, अंदाज काठावर. बाप दोनदा भेटायला आला, गोड बोलला, आणि वुब्बोने मुलाला वरच्या शाळेचा सल्ला दिला. त्याच वर्षी एका गवंड्याची मुलगी त्याच आकड्यावर होती. तिचा बाप आला नाही, तिला मधली शाळा मिळाली. हे लक्षात आल्यावर वुब्बोने माझ्यासमोर स्वतःला शिव्या घातल्या. “यांतीन, मी माझ्या त्या मास्तरांसारखाच वागलो. आता कुणासाठी, काहीही झालं तरी, आकडा सोडायचा नाही.” त्याने तो सोडला नाही. पुढे जे झालं ते या शपथेमुळे झालं, आणि म्हणून मला त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

विंता आमच्याकडे पाचवीत आली. आईबाप इरिट्रियातून पळून आलेले, बाप रात्री पार्सलच्या गोदामात, आईचं नाव लेताय, ती हॉटेलच्या खोल्या साफ करायची. पोरीला आमची भाषा येत नव्हती. आल्यावर दोन महिन्यांत जानेवारीची परीक्षा, तिला मिळाले चार. चार कसले, प्रश्नच कळले नव्हते. जूनमध्ये चार पूर्णांक सहा. पुढच्या जानेवारीत पाच पूर्णांक तीन, मग पाच पूर्णांक आठ. माझ्या वर्गात आली तेव्हा साडेसहा, वर्षाच्या शेवटी सात पूर्णांक एक. वर्गात ती हात वर करायची नाही. पण पाठीमागे उभं राहिलं की दिसायचं, फळ्यावरचं गणित बाकीच्यांनी उतरवून घ्यायच्या आत तिने सोडवलेलं असायचं. मी तिला वुब्बोच्या हवाली करताना म्हटलं, “ही वर जाणार. नीट बघ.” आठवीच्या जानेवारीत तिने सात पूर्णांक सहा आणले.

फेब्रुवारीत सल्ल्यांची बैठक होती. वुब्बोने यादी वाचली. विंताचं नाव आलं आणि तो म्हणाला, “अंदाज पाच पूर्णांक नऊ. मधल्या शाळेला सहा लागतात. कामधंद्याची शाळा.”

मी कपच आपटला. “वेड लागलंय का तुला? पोरगी आत्ता साडेसातच्या वर आहे!”

“एका परीक्षेत.”

“एका नाही, दर परीक्षेत वर चढतेय!”

“यांतीन, तुझं मन तिच्यावर बसलंय. नोटरीच्या पोरावर माझं बसलं होतं. तुझ्या मनासाठी मी हिला वर ढकलली, तर तीस मुलांमध्ये ज्यांच्यावर कुणाचंच मन बसलेलं नाही त्यांचं काय?” मग थोडं नरम होऊन म्हणाला, “आणि एप्रिलमध्ये शेवटची सरकारी परीक्षा आहेच की. तिला त्यात वरचे गुण मिळाले तर सल्ला पुन्हा तपासावा लागतो, कायदाच आहे. तेव्हा मी स्वतः बदलीन.”

मुख्याध्यापिका म्हणाली, तामेंगांचा आकडा आजवर खोटा ठरलेला नाही. मी गप्प बसले नाही, पुष्कळ बोलले, पण आठवीचा सल्ला आठवीचा मास्तर देतो.

लेताय आणि विंता आल्या तेव्हा मी बाहेर मुलांच्या कोटांच्या खुंट्यांपाशी होते, दार उघडं होतं. लेताय छोट्या खुर्चीवर कशीबशी बसली होती. वुब्बोने तिला सगळं समजावून सांगितलं, अगदी हळू, सोप्या शब्दांत. ती म्हणाली, “मास्तर, तुम्ही म्हणता ते बरोबर असणार. तुम्ही सगळ्यांना सारखं बघता.”

मग विंता बोलली. तिचा आवाज मला पहिल्यांदाच इतका स्पष्ट ऐकू आला. “मास्तर, मला सात पूर्णांक सहा मिळाले ना?”

“हो. फार छान.”

“मग पुढच्या वेळी पाच पूर्णांक नऊ का मिळतील?”

 वुब्बोने सांगितलं, की एक परीक्षा कधी चांगली जाते, कधी वाईट, म्हणून आपण सगळ्या परीक्षांकडे मिळून बघायचं. तिने मान हलवली. बारा वर्षांच्या पोरीने बरोबर जागी बोट ठेवलं होतं, आणि तिला उत्तर इतकं मायेने मिळालं की तिला ते पटलं. मला अजून त्या दारात जाऊन ओरडावंसं वाटतं.

मार्चमध्ये महामारी आली. शाळा बंद झाल्या आणि दोन दिवसांत सरकारने जाहीर केलं, यंदा शेवटची परीक्षा होणार नाही. दिलेला सल्ला तोच अखेरचा.

दरवर्षी परीक्षेनंतर वुब्बो आपले अंदाज आणि खरे गुण ताडून बघायचा. त्या वर्षी ताडायला काही नव्हतं. घरात बसून वैतागला आणि जुन्या चुकाच पुन्हा उघडून बसला. एप्रिलमध्ये एका दुपारी त्याचा फोन आला. मी खिडक्या पुसत होते.

“यांतीन, मी चुकांच्या रकान्यात अधिक-उणं कधी लिहिलंच नाही.”

“म्हणजे काय?”

“अंदाज सुधारताना ते धरायचो, पण नोंदीत मला फक्त किती चुकलो तेवढं हवं असायचं. अर्धा तर अर्धा. वर चुकलो की खाली, ते मी टाकून द्यायचो. म्हटलं, सरासरी काढताना चिन्हं नकोत, एकमेकांना खाऊन टाकतात.” त्याचा आवाज कोरडा झाला होता. “आज चिन्हं लावली. सगळ्या मुलांच्या चुका कधी वर, कधी खाली. येल्मरची बघ, वर-खाली, वर-खाली. विंताच्या सगळ्या एकाच बाजूच्या. दर वेळी ती माझ्या अंदाजाच्या वर. आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त वर. पहिल्यांदा अर्ध्याहून थोडी जास्त चूक, शेवटी दोनाच्याही वर.”

मी फडकं बादलीत टाकलं आणि खाली बसले.

“जो एका जागी राहून वर-खाली होतो त्याच्यासाठी हा हिशोब आहे. जो चढतोय, त्याच्या मागून हा रखडत येतो. ती दोन पावलं पुढे गेली की हा अर्धं पाऊल टाकतो. गोदामात हे मला माहीत होतं गं! मागणी वाढत असली की चढाचा वेगळा हिशोब धरायचो. मुलांना मात्र तो लावला नाही, कारण मुलांच्या गुणांना चढ नसतो असं पंधरा वर्षांच्या गुणांनी सांगितलं. त्या पंधरा वर्षांत भाषा न येता पाचवीत आलेलं एकही पोर नव्हतं.”

“वुब्बो...”

“थांब. अजून आहे. त्या पाच पूर्णांक नऊमध्ये कुठल्या परीक्षेचा किती वाटा, ते काढलं. मी पहिल्या गुणांनाच पहिला अंदाज धरला होता ना? सहा वेळा चार पंचमांश करत गेलं तरी त्या पहिल्या परीक्षेचा वाटा शेकडा सव्वीस उरतो. आणि शेवटच्या परीक्षेचा वीस. तिला प्रश्न वाचता येत नव्हते त्या दिवसाला मी तिच्या आजच्या दिवसापेक्षा जास्त मोजलं. चढ धरला तर तिचा पुढचा अंदाज आठच्या वर येतो. वरची शाळा, यांतीन. मधली नाही, वरची.”

मला ‘मी सांगितलं होतं’ म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण फोनवर तो रडत होता, आणि त्या माणसाला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

त्याने हात-पाय मारले. मुख्याध्यापिकेला भेटला. ती म्हणाली, सल्ले गेले, प्रवेश झाले. त्याने मधल्या आणि वरच्या दोन्ही शाळांना पत्रं लिहिली, आपली चूक आकड्यांसकट मांडली. एकीने जागा नाहीत म्हणून कळवलं. दुसरीने लिहिलं, की मुलीने आहे तिथे पहिलं वर्ष करावं, गुण चांगले आले तर पाहू. लेतायला त्याने फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “बरं मास्तर. पुढच्या वर्षी.” चूक कुणाची, काय, हे तिला भाषेच्या अडचणीने कितपत कळलं, देव जाणे.

पुढच्या वर्षी शाळा कधी उघड्या, कधी बंद. वर्ष संपल्यावर वुब्बोने चौकशी केली. विंताचे गुण ठीकठाक होते, मध्यम. वर हलवण्यासारखं काही नाही, असं उत्तर आलं. वुब्बो माझ्याकडे येऊन तेच तेच बोलायचा. “मध्यम कसे? मध्यम कसे येतील?” मी म्हटलं, “तिला जे आधीच येतं ते पुन्हा शिकवलं तर पोर काय करणार? खिडकीबाहेर बघणार.” त्याने तो हिशोब सोडून दिला. शिक्षकांच्या खोलीत कुणी विचारलं तर म्हणायचा, आता माझ्याकडे सूत्र नाही. सल्ला द्यायची वेळ आली की मला बोलावून घ्यायचा आणि एकेका पोराबद्दल तासभर विचारायचा. दोन वर्षांनी, निवृत्तीचं वय व्हायला वेळ असूनही, त्याने लवकर निवृत्ती घेतली.

निवृत्तीनंतर महिन्याभराने तो माझ्याकडे आला. त्याच्याकडे गाडी नाही. “यांतीन, विंताच्या घरी चल. दर बुधवारी दुपारी मी तिला शिकवीन, फुकट. दोन वर्षांत मधल्या शाळेच्या परीक्षेला बसवतो, मग वरच्या. मी असाच चढत आलो, तिलाही येईल.” त्याने नवा हिशोब सुंदर अक्षरात कागदावर उतरवला होता, चढाची रेघ लाल शाईने काढलेली.

लेतायने त्यांच्याकडच्या रीतीने आमच्यासमोर कॉफीचे दाणे भाजले, खोलीभर धूर केला, आणि लहान कपांत कॉफी दिली. विंता बाहेरून आली. उंच झाली होती, केस बारीक वेण्यांचे. तिने केस कापण्याचा अभ्यासक्रम घेतला होता, शनिवारी एका दुकानात शिकायला जायची. वुब्बोला बघून तिला खरंच आनंद झाला. तिने त्याचा हात हातात घेतला.

त्याने कागद तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. कुठे चिन्हं टाकून दिली, पहिल्या परीक्षेचा वाटा कसा राहिला, लाल रेघ काय. ती लक्ष देऊन ऐकत होती, आणि मला दिसलं की तिला सगळं कळतंय, त्याच्या पुढच्या वाक्याआधी कळतंय. तिने लाल रेघेवरून बोट फिरवलं.

“मग मी तेव्हा हुशार होते?”

“होतीस नाही, आहेस! म्हणून तर आलोय मी. बुधवारी...”

ती हसली. मोठी माणसं लहान मुलांच्या बोलण्याला हसतात तशी. “नाही हो मास्तर. ते मला नाही जमायचं. जमणार असतं तर तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं.”

“अगं, पण मी चुकलो! हेच तर सांगतोय. मी चुकलो, विंता.”

“असू दे हो,” ती म्हणाली. “तुम्ही मुद्दाम नाही केलंत. तुम्ही कुणाचंच मुद्दाम करत नव्हता.” मग त्याचे डोळे बघून तिने आईच्या हातातून किटली घेतली, त्याचा कप पुन्हा भरला, आणि त्याच्या पाठीवरून हळूच हात फिरवला. “तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, मास्तर. मला आता सवय झालीय.”